डेक तपासायला बसण्याआधी (आणि आलेख उघडून बघा)

समजा साठ स्लाइडचा डेक आहे, रावेर-यावलकडच्या केळी उत्पादक कंपनीचा, आणि तो कर्जासाठी बँकेपुढे जाणार आहे. मूळ फाइलची प्रत काढून ठेवा, हे सांगायला नको.

आधी कोऱ्या कागदावर शब्दांची यादी करा. एकीकडे 'कांदेबाग', दुसरीकडे 'ऑक्टोबर लागवड', तिसरीकडे नुसतं 'दुसरा हंगाम' असेल, तर बँकेच्या माणसाला ती तीन वेगवेगळी पिकं वाटतील. एक शब्द ठरवा, बाकीचे Ctrl+F ने शोधा. 'खानदेश' आणि 'खान्देश' दोन्ही टाका. आकडेही तसेच, १२००, 1200 आणि 1,200 हे संगणकाला तीन वेगळे शब्द आहेत.

आता आलेख. Ctrl+F आलेखातलं काही शोधत नाही, चित्र म्हणून चिकटवलेला तक्ता तर नाहीच नाही. 'सापडलं नाही' असं आलं की माणूस निर्धास्त होतो, आणि घोळ तिथेच होतो. प्रत्येक आलेखावर राइट क्लिक करून Edit Data उघडा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. खांबावरचं लेबल कोणी हाताने टाइप केलं असेल, तर मागचा आकडा बदलला तरी ते जुनंच राहतं.

उदाहरण घ्या. सहाव्या स्लाइडवर १,२०० एकर, एकोणिसाव्यावर ४८६ हेक्टर. हे जुळतं, कारण हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर. एकतिसाव्या स्लाइडच्या आलेखात मात्र ५२०. त्याचे १,२८५ एकर होतात. हा फरक राउंडिंगचा नाही. मजकूर कितीही वाचला तरी तो दिसणार नाही, आलेखच उघडावा लागतो.

तारखांमध्ये घाई नको. जून २०२३ चा मृगबाग साधारण वर्षाने कापणीला येतो, म्हणजे ते उत्पादन २०२४-२५ या आर्थिक वर्षात दिसतं. हे 'दुरुस्त' केलंत तर तुम्हीच चूक घालाल. जुन्या आकडेवारीत 'धुळे जिल्हा' असेल तर वर्ष बघा. नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, त्याआधीच्या धुळ्यात तोही मोजलेला आहे. तिथे आकडा घसरलेला दिसला तर बदलू नका, तळटीप सुचवा.

दुरुस्त्या डेकमध्ये परस्पर करू नका. वेगळ्या तक्त्यात स्लाइडचं शीर्षक (क्रमांक सरकतात), आहे ते, हवं ते आणि कारण, एवढं लिहा. एकतिसाव्यापुढे '४८६?' लिहून सभासदांची मूळ यादी मागा. दोन जागी एकच आकडा आहे म्हणून तोच खरा, असं नसतं. नक्की चूक वेगळी, विचारायचं वेगळं.

लपवलेल्या स्लाइड, खालच्या नोट्स, तळटिपा: बघून घ्या. क्विंटल-टन, लाख-कोटी: तेच. टक्क्यांची बेरीज करा. दुरुस्त डेक परत आला की आलेख पुन्हा उघडा. हो, सगळे.