सॅकचे लिटर टेपने पडताळून पाहा

सॅकवर ६० लिटर लिहिलेले असले, तरी तेवढे सामान तिच्यात मावेलच असे नाही. दुकानात सॅक कागद किंवा कपडे कोंबून पूर्ण फुगवावी आणि मुख्य कप्प्याची उंची, रुंदी व खोली सेंटिमीटरमध्ये मोजून, तिन्हींचा गुणाकार करून त्याला १००० ने भागावे. ६० × ३० × २२ चे ३९,६०० होतात, म्हणजे जेमतेम ४० लिटर. तेही सॅक चौकोनी डब्यासारखी धरून, कारण वर निमुळत्या होणाऱ्या सॅकमध्ये याहून कमीच मावते. उरलेले २० लिटर बाजूच्या खिशांत आणि वर ओढून वाढवता येणाऱ्या गळ्यात खरोखर आहेत का, हे तपासावे. रिकाम्या, चपट्या सॅकची खोली मात्र मोजू नये.