मीखा ६:८ वर पहिला संदेश तयार करताना

तरुण संघात किंवा उपासनेत पहिल्यांदा बोलायची पाळी आली की अनेकांची निवड मीखा ६:८ वर येऊन थांबते. वचन छोटं आहे आणि पाठ आहे. नीतीने वागणे, आवडीने दया करणे, देवासमागमे नम्रभावाने चालणे, असे तीन मुद्दे आयते हातात येतात. प्रत्येक मुद्द्याला एक दाखला जोडला की वीस मिनिटं भरतात. मी या वचनावर बरीच वर्षं बोलत आलो आहे, शिकवतही आलो आहे, तरी ते आजही मला सोपं जात नाही. ज्यांना सोपं जातं त्यांनी बहुधा आठवं वचन तेवढं वाचलेलं असतं.

इथला मोठा सापळा हाच, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. मीखा कोण, बारा लघुसंदेष्टे कोणते, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आठवं वचन हे उत्तर आहे. त्याच्या आधी कुणीतरी प्रश्न विचारला आहे आणि त्या प्रश्नाच्याही आधी एक खटला उभा राहिला आहे. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला परमेश्वर आपल्या लोकांविरुद्ध वाद मांडतो आणि पर्वत व पृथ्वीचे पाये यांना साक्षीला बोलावतो. पण तिसऱ्या वचनात फिर्यादी आरोप करत नाही, उलट विचारतो की माझ्या लोकांनो, मी तुमचं काय केलं, तुम्हाला कशाने थकवलं? मग तो आठवण करून देतो मिसर देशातून सोडवल्याची, मोशे, अहरोन आणि मिर्याम यांना पुढे पाठवल्याची, मवाबाचा राजा बालाक आणि बलाम यांच्या प्रसंगाची, शिट्टीमपासून गिलगालपर्यंतच्या वाटचालीची. शिट्टीम हा यार्देनेच्या पूर्वेकडचा शेवटचा तळ आणि गिलगाल हा नदी ओलांडल्यावरचा पहिला. त्या दोन नावांच्या मध्ये नदी दुभंगल्याची अख्खी गोष्ट आहे आणि ऐकणाऱ्यांना ती सांगावी लागत नव्हती. बलामाच्या याच उल्लेखामुळे तोराहमधला बालाकाचा भाग वाचला जातो त्या शब्बाथी यहुदी सभास्थानांत मीखाचा हा उतारा वाचतात आणि तो आठव्या वचनापाशी थांबतो. आपल्याकडच्या बेने इस्राएल समाजातही ही वाचनाची परंपरा आहे.

आता सहावं आणि सातवं वचन. इथे आवाज बदलतो. एक भक्त बोलू लागतो: मी काय घेऊन परमेश्वरासमोर येऊ? होमार्पणं आणू का, एक वर्षाची वासरं आणू का? हे एखाद्या सधन माणसाला जमण्यासारखं आहे. पुढे हजारो एडके येतात, ते राजाचं काम. गिबोन इथे शलमोनाने हजार होमबली अर्पण केल्याचं राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. मग तेलाच्या दहा हजार नद्या, ज्या कुणाकडेच नाहीत. आणि शेवटी माझा ज्येष्ठ पुत्र देऊ का? ही शेवटची ओळ नुसती अतिशयोक्ती समजून पुढे जाऊ नका. मीखाच्याच काळातल्या आहाज राजाने आपल्या पुत्राला अग्नीत होमल्याचं २ राजे १६ मध्ये लिहिलं आहे. ऐकणाऱ्यांना ती गोष्ट जवळची होती.

या भक्ताची बोली वाढत जाते, पण एक गोष्ट तो एकदाही विचारत नाही. हे सगळं आणायचं ते कुठल्या पैशातून? आठव्या वचनाला धार येते ती याच न विचारलेल्या प्रश्नामुळे. लोक आठव्या वचनावर थांबतात म्हणून त्यांना ती दिसत नाही, कारण प्रश्नाचं उत्तर दहाव्या आणि अकराव्या वचनात आहे. तिथे परमेश्वराची वाणी नगराला हाक मारते आणि अपुऱ्या एफाबद्दल, खोट्या तराजूबद्दल आणि कपटाच्या वजनांनी भरलेल्या थैलीबद्दल बोलते.

नवख्यांसोबत बसतो तेव्हा मी हा व्यवहार आकड्यांत मांडून दाखवतो, तुम्हीही मांडा. एफा हे धान्याचं माप, अंदाजे बावीस लिटरचं. यहूदात तेव्हा नाणी नव्हती. चांदी तराजूत तोलून देत आणि दुसऱ्या पारड्यात दगडाची वजनं ठेवत. शेकेल साधारण अकरा ग्रॅमचा. उत्खननात अशी घुमटाच्या आकाराची, खूण कोरलेली वजनं यहूदात बरीच सापडली आहेत. आता समजा, दुकानदाराने एफा बावीसऐवजी वीस लिटरचा ठेवला आणि चांदी घेताना दहाव्या हिश्श्याने जड दगड वापरला. हे प्रमाण मी समजण्यापुरतं घेतलं आहे; माप लहान आणि वजन मोठं करण्याची युक्ती मात्र आमोस ८:५ मध्ये स्पष्ट सांगितली आहे. गिऱ्हाइकाने जेवढी चांदी दिली तिचं चोवीस लिटरहून थोडं जास्त धान्य यायला हवं होतं. पदरात पडलं वीस. दर खेपेला सहावा हिस्सा गेला आणि हे गिऱ्हाइकाला कळतही नाही, कारण माप आणि वजन दोन्ही दुकानदाराच्या घरची आहेत.

पुढचं दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे लोक रात्री अंथरुणावर पडून बेत करतात, पहाट होताच तो उरकतात, कारण बळ त्यांच्या हातात आहे. शेतांचा लोभ धरतात आणि ती बळकावतात, घरं घेतात, बायकांना त्यांच्या घरातून हुसकावतात. तिसऱ्या अध्यायात दाद मागायची जागाही बंद होते: प्रमुख लाच घेऊन न्याय करतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसा घेऊन भविष्य सांगतात आणि सगळे म्हणतात, परमेश्वर आमच्यामध्ये आहे, आमच्यावर अरिष्ट येणार नाही. आता सहाव्या अध्यायातल्या त्या वासराकडे पुन्हा बघा. ते अपुऱ्या एफातून आलेलं असू शकतं. मीखा हे शब्दांत म्हणत नाही, मी दोन उतारे एकमेकांशेजारी ठेवून म्हणतो आहे. पण अध्यायाची रचनाच ते आपल्याला शेजारी ठेवून देते.

म्हणून ‘नीतीने वागणे’ याचा अर्थ सांगताना ‘चांगलं वागा’ असं म्हणू नका. त्या नगरात त्याचा अर्थ होता एफा पुरा करणं, दगड बदलणं, लाच न घेता निकाल देणं, बळकावलेलं शेत परत करणं. सोळाव्या वचनात अम्रीचे नियम आणि अहाबाच्या घराण्याची कामं यांचा उल्लेख येतो. अहाबाचं नाव ऐकलं की नाबोथाचा द्राक्षमळा आठवावा. तीही शेवटी एका कुळाच्या वतनजमिनीचीच गोष्ट आहे.

दुसरी चूक उलट बाजूची. काही जण उत्साहाने सांगतात की इथे देवाने यज्ञ आणि मंदिर रद्द केलं. तसं नाही. याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात राष्ट्रं परमेश्वराच्या मंदिराच्या डोंगराकडे वाट शिकायला येतात. चौथा अध्याय आणि त्यापुढचा सगळा भाग मीखाच्याच काळचा आहे का, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण पुस्तक आपल्या हातात आहे ते असंच आहे. नाकारलं आहे ते अर्पण देऊन हिशेब मिटवण्याचं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. रोजच्या मननाच्या पुस्तिकेतून हे वचन उचलून संदेश बांधू नका आणि भाष्यग्रंथ पहिल्या आठवड्यात उघडू नका. मला एका वडीलधाऱ्या पाळकांनी सांगितलं होतं की सहावा अध्याय दोघांनी मिळून मोठ्याने वाचायचा, एकाने परमेश्वराचं बोलणं वाचायचं आणि दुसऱ्याने भक्ताचं. आवाज कुठे बदलतो हे ठरवताना भांडण होतं आणि त्या भांडणातूनच अध्याय कळतो. तीन मुद्द्यांचा तयार आराखडा देणारे मार्गदर्शक पुष्कळ भेटतील. ते मनाने चांगले असतात, पण त्यांचा आराखडा घेतला की तुमचं वाचन तिथेच थांबतं. १९७७ साली जिमी कार्टर यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावरच्या भाषणात हेच वचन वाचलं. अशा प्रसंगी ते सुटंच वाचलं जाणार. तुमच्याकडे वीस मिनिटं असतात, तेव्हा तुम्ही ते सुटं वाचू नये.

हे वाचून धास्ती वाटली असेल तर एक सांगतो. सगळा इतिहास एका संदेशात कोंबायची गरज नाही. मीखा मोरेशेथचा, म्हणजे यरुशलेमच्या नैर्ऋत्येकडच्या टेकड्यांतल्या एका गावचा, तो योथाम, आहाज आणि हिज्कीया यांच्या काळात बोलला, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन पडलं आणि ७०१ मध्ये सन्हेरीबाने मोरेशेथच्या जवळचंच लाखीश जिंकलं. एवढं चार वाक्यांत सांगून होतं. उरलेला वेळ तराजूला द्या. ऐकणारे टिकून राहतात, कारण माप सगळ्यांना कळतं.

‘आवडीने दया करणे’ इथे अडकलात तर पुस्तकाचा शेवट वाचा. ७:१८ मध्ये परमेश्वराबद्दलच म्हटलं आहे की तो क्रोध कायम ठेवत नाही, कारण त्याला दया करण्यात आनंद आहे. माणसाकडे जे मागितलं आहे ते मागणाऱ्याकडे आधीच आहे. यापेक्षा चांगला दाखला बाहेरून आणता येणार नाही.

नम्रभावाने चालण्याचा मुद्दा सगळ्यात पातळ होतो. लोक मान खाली घालून बोलण्याबद्दल सांगतात. त्याऐवजी यिर्मया २६ उघडा. मीखानंतर साधारण शंभर वर्षांनी, यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, मंदिर उद्ध्वस्त होईल असं म्हटल्याबद्दल याजक आणि संदेष्टे यिर्मयाला मारायला उठतात. तेव्हा देशातले काही वडील उभे राहतात आणि मीखा ३:१२ जसंच्या तसं म्हणून दाखवतात: सियोन शेतासारखं नांगरलं जाईल, यरुशलेमचे ढिगारे होतील. मग विचारतात, हिज्कीयाने मीखाला मारलं का? त्याने परमेश्वराचं भय धरलं, त्याची विनवणी केली आणि अरिष्ट टळलं. गावाकडचा एक माणूस राजधानीत येऊन सांगतो की तुझं मंदिर नांगरलं जाईल, आणि राजा त्याला गप्प करण्याऐवजी स्वतः देवापुढे वाकतो. त्याच अध्यायात पुढे उरीया नावाच्या संदेष्ट्याची हकीकत आहे. तोही हेच बोलला आणि मिसरात पळाला. यहोयाकीमाने त्याला तिथून धरून आणवलं, तलवारीने मारलं आणि त्याचं प्रेत सामान्य लोकांच्या कबरांत टाकलं. तिसरा मुद्दा सांगायचा तर हे दोन राजे शेजारी शेजारी ठेवून सांगा.