प्रस्तावनेत सावधपणा कुठे हवा आणि कुठे नको: या चुका टाळा

शोधनिबंधाच्या प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेली तीन मूव्हची, म्हणजे टप्प्यांची, रचना आजही सर्वाधिक वापरली जाते. पहिल्या मूव्हमध्ये विषयाचे क्षेत्र उभे करायचे, दुसऱ्यात त्या क्षेत्रातली मोकळी जागा दाखवायची आणि तिसऱ्यात ती आपण कशी भरणार ते सांगायचे. बहुतेक नव्या लेखकांना हे तिन्ही मूव्ह ठाऊक असतात आणि ते लिहितातही. घोळ होतो तो हेजिंगमध्ये, म्हणजे दाव्याची धार पुराव्याच्या मापाने कमी करणाऱ्या ‘बहुधा’, ‘असे सूचित होते’, ‘शक्यता आहे’ यांसारख्या शब्दयोजनेत. ती जिथे हवी तिथे नसते आणि जिथे नको तिथे हमखास येते.

समजा, १२० विद्यार्थ्यांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतली आहे. तिच्यावर आधारलेल्या निबंधाची प्रस्तावना अशी:

“(१) आजकाल विद्यार्थ्यांमध्ये मोबाइलचा वापर कदाचित वाढला असावा असे वाटते. (२) या विषयावर आजवर कोणीही अभ्यास केलेला नाही. (३) प्रस्तुत निबंधात रात्रीचा मोबाइल वापर आणि झोप यांचा संबंध पाहण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. (४) मोबाइलमुळे झोप बिघडते हे यातून सिद्ध होते.”

पहिल्या वाक्यात ‘कदाचित’, ‘असावा’ आणि ‘असे वाटते’ असे तीन सावध शब्द एकावर एक रचले आहेत. पहिल्या मूव्हचे काम वाचकाला आधीच मान्य असलेली जमीन दाखवण्याचे असते. तिथेच लेखक डळमळला, तर पुढचे सगळे डळमळते. जे संदर्भ देऊन सांगता येते ते थेट सांगा. संदर्भच नसेल, तर ‘कदाचित’ने ती उणीव झाकली जात नाही. एका दाव्याला एकच हेज पुरतो.

सर्वात महागात पडते ते दुसरे वाक्य. ‘कोणीही केलेला नाही’ हा सर्वव्यापी नकार आहे आणि तो सिद्ध करायला जगातले सगळे वाङ्मय चाळावे लागेल. परीक्षकाने एक निबंध समोर ठेवला की प्रस्तावनेचा कणाच मोडतो. इथे हेजिंग हवेच, पण नुसते ‘फारसा’ घालून भागत नाही. मोकळ्या जागेची सीमा आखावी लागते: कोणता गट, कोणती पद्धत, कोणता प्रश्न. शिवाय एखादी गोष्ट अभ्यासली गेली नाही, एवढ्यानेच ती अभ्यासण्याजोगी ठरत नाही. स्वेल्स यांच्या २००४ च्या सुधारित मांडणीत म्हणूनच दुसऱ्या मूव्हमध्ये अभ्यासाचे समर्थन करणारी ऐच्छिक पायरी आहे. नवख्यांनी ती ऐच्छिक न मानलेलीच बरी.

तिसऱ्या वाक्यातला ‘अल्पसा प्रयत्न’ हा आपल्या भाषेतला जुना विनय आहे. तो भाषणात शोभतो. निबंधात मात्र आपण काय तपासले हे आपल्याला पक्के माहीत असते. त्यात अनिश्चित काहीच नसल्याने हेज लावायला जागाच नाही. ‘तपासला आहे’ एवढे लिहावे.

हाच लेखक चौथ्या वाक्यात ‘सिद्ध होते’ म्हणून मोकळा होतो. एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढेच कळते, कोणती कशामुळे हे कळत नाही. झोप येत नाही म्हणूनही कोणी मोबाइल हाती घेत असेल. ‘-मुळे’ हे शब्दयोगी अव्यय इथे पुराव्यापेक्षा मोठा दावा करते. ते तसेच ठेवून आधी ‘बहुधा’ जोडला तरी कार्यकारणाचा दावा उभाच राहतो. त्यामुळे क्रियापदच बदलायला हवे.

दुरुस्त मसुदा असा होईल:

“विद्यार्थ्यांमध्ये रात्रीचा मोबाइल वापर वाढला आहे (संदर्भ). त्याचा झोपेशी असलेला संबंध अनेक अभ्यासांनी नोंदवला आहे (संदर्भ). मात्र आम्ही पाहिलेल्या बहुतेक अभ्यासांत वापराचा एकूण वेळच मोजलेला आहे. अंथरुणात पडल्यानंतरचा वापर वेगळा मोजलेला क्वचितच आढळतो. हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो, कारण हा वापर थेट झोपेचा वेळ खातो. प्रस्तुत निबंधात १२० विद्यार्थ्यांमध्ये हा संबंध तपासला आहे. अंथरुणातील वापर अधिक असलेल्या विद्यार्थ्यांनी झोपेच्या तक्रारी अधिक नोंदवल्या.”

शेवटच्या वाक्यात एकही हेज नाही, तरी ते सुरक्षित आहे, कारण ते फक्त या नमुन्याबद्दल आणि भूतकाळात बोलते. ‘विद्यार्थ्यांची झोप बिघडते’ असा वर्तमानकाळ वापरला की दावा सगळ्या विद्यार्थ्यांवर जातो आणि हेज लागतो.

आपला मसुदा तपासताना समासात प्रत्येक वाक्यापुढे मूव्हचा आकडा लिहा आणि हेज अधोरेखित करा. लांब प्रस्तावनेत १-२-१-२-३ असे फेरे दिसले तर बिघडले नाही. पण १ नंतर थेट ३ आला असेल, तर आधीच्या अभ्यासांची यादी झाली आहे आणि मोकळी जागा दाखवायची राहून गेली आहे. अधोरेखने ३ च्या उद्देशवाक्यात जमली असतील आणि २ कोरा असेल, तर ती तिकडून काढून इकडे आणायची आहेत. किती हेज चालतील याचा ठरावीक आकडा नाही. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत ते नैसर्गिक विज्ञानांपेक्षा अधिक असतात, म्हणून ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवायचा आहे त्यातल्या पाच-सहा प्रस्तावनांना असेच आकडे घालून पाहावे.