ट्रॅकिंग सॉफ्टवेअरची आरएफपी पाठवण्याआधी

आरएफपी म्हणजे विक्रेत्यांकडून प्रस्ताव मागवणारं पत्र. तिचा मसुदा उघडण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या बिल्ट्या काढा आणि प्रत्येक फेरीसमोर गाडी कोणाची होती ते लिहा: स्वतःची, कायम जोडलेली, की ब्रोकरकडून त्याच दिवशी उचललेली. समजा तुमची कंपनी भिवंडीची आहे, महिन्याला १,००० फेऱ्या होतात आणि त्यातल्या ६५० बाजारातल्या, म्हणजे ब्रोकरकडून उचललेल्या गाड्यांवर. मग जीपीएस यंत्र विकणारा कितीही चांगला असो, तो तुमच्या कामाचा नाही. एका फेरीपुरता आलेला ट्रकवाला यंत्र बसवू देत नाही.

अशा गाडीचा माग चालकाच्या सिमवरून किंवा फास्टॅगच्या नोंदींवरून लागतो, आणि आरएफपीतले नेमके प्रश्न इथेच हवेत. सिमला चालकाची संमती लागते. तिचा संदेश कोणत्या भाषेत जातो, चालकाने उत्तरच दिलं नाही तर पुढे काय, हे विचारा. सिमचं ठिकाण टॉवरवरून ठरतं, गावाकडे ते काही किलोमीटर चुकू शकतं. म्हणजे गाडी ढाब्यावर उभी आणि पडद्यावर ‘गोदामात पोहोचली’. फास्टॅग नाक्यावरच दिसतो. समृद्धी महामार्गावर टोल अंतराप्रमाणे असल्याने नाके मुख्यतः चढण्या-उतरण्याच्या जागी आहेत, त्यामुळे आमणेला चढलेली गाडी नागपूरला उतरेपर्यंत फास्टॅगवर जवळजवळ गायबच असते.

‘९० टक्के ट्रॅकिंग’ हा दावा सगळेच करतात. त्याची व्याख्या तुम्हीच लिहून द्या: निघाल्यापासून पोहोचेपर्यंत दोन तासांपेक्षा मोठा खंड नसेल तरच फेरी मोजायची, आणि संमती न मिळालेली फेरी छेदात ठेवायची. नाहीतर वाटेत एकदाच ठिकाण कळलेली फेरीही यशस्वी धरली जाते.

मग सगळ्यांना एकच प्रसंग द्या. भिवंडीहून नागपूरला निघालेला ट्रक सिन्नरजवळ बिघडला, माल दुसऱ्या गाडीत चढवला. ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नवा क्रमांक भरल्यावर सॉफ्टवेअर तीच फेरी पुढे चालवतं का, की नवी उघडून जुनी अधांतरी सोडतं? साधारण ७०० किलोमीटरला २०० किलोमीटरमागे एक दिवस या हिशेबाने बिल चार दिवस चालतं, आणि मुदतवाढ बिल संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच मिळते. इशारा कोणाच्या फोनवर आणि किती आधी जातो, ते चालवून दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात निम्मे विक्रेते इथेच गळतात.

दरासाठी तुमच्याच फेऱ्यांचा एक तक्ता जोडा. कोणी गाडीमागे सांगतो, कोणी फेरीमागे, आणि तुलना बसत नाही. करार संपल्यावर जुन्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हेही लेखी घ्या.

या चाळणीतून उरलेल्या तीन विक्रेत्यांना दोन आठवडे प्रत्येकी वीस फेऱ्या द्या, फक्त बाजारातल्या गाड्यांच्या. मार्ग आणि ब्रोकर तुम्ही निवडा, त्यांना निवडू देऊ नका.