फिनिश कटच्या प्रोग्रॅममध्ये मधला आकडा का टाकायचा

सीएनसी टर्निंगवर माझा पहिला स्वतंत्र प्रोग्रॅम एका स्टेप शाफ्टचा होता. पुढच्या टोकाला बेअरिंग बसणारा २५ चा डाया, टॉलरन्स के ६, म्हणजे +०.०१५ आणि +०.००२. त्यामागे ३० चा डाया, टॉलरन्स लहान एच ७, म्हणजे ० आणि −०.०२१. दोन्ही डाया एकाच फिनिशिंग टूलने, एकाच पासमध्ये निघणार होते. मी ड्रॉइंगवरचे आकडे जसेच्या तसे टाकले: X25.0 आणि X30.0.

पहिला जॉब निघाला २४.९९८ आणि २९.९९८. बेअरिंगचा डाया बारीक झाला, म्हणून वेअर ऑफसेटमध्ये ०.०१० वाढवले. पुढचा जॉब २५.००८, अगदी हवा तसा. पण ३० चा डाया ३०.००८ झाला आणि तिथे शून्याच्या वर काही चालत नव्हते. ऑफसेट कमी केला की २५ हातचा जायचा. चार जॉब झाल्यावर सेटरने ड्रॉइंग पुढ्यात ओढले. म्हणाला, "अरे, ऑफसेट दोघांनाही एकदमच ढकलतो. आधी कागदावर हिशोब कर."

हिशोब अगदी सरळ आहे. नॉमिनल आकडे टाकले तर पहिला डाया २ ते १५ मायक्रॉन वर हवा आणि दुसरा ० ते २१ मायक्रॉन खाली. दोन्हींना चालेल असा एकही ऑफसेट नाही. मी आकडे फिरवत बसलो होतो, पण उत्तर तिथे नव्हतेच.

उपाय असा की प्रत्येक टॉलरन्स आधी त्याच्या मध्यावर आणायचा. वरची आणि खालची मर्यादा चिन्हासकट मिळवायची, दोनाने भागायची आणि नॉमिनलमध्ये मिळवायची. २५ साठी +०.०१५ आणि +०.००२ यांची बेरीज ०.०१७, तिचे अर्धे ०.००८५, म्हणून २५.००८५. ३० साठी ० आणि −०.०२१ चे अर्धे −०.०१०५, म्हणून २९.९८९५. आता पहिल्याला दोन्ही बाजूंनी ६.५ मायक्रॉन जागा आहे आणि दुसऱ्याला १०.५. म्हणजे एकच ऑफसेट साडेसहा मायक्रॉनपर्यंत इकडेतिकडे झाला तरी दोन्ही डाया पास.

प्लस-मायनस सारखे असेल तर काही बदलायचे नसते. पण असमान प्लस-मायनस नवीन माणसाच्या नजरेतून हमखास सुटतो. याच शाफ्टची कॉलर ४४, +०.१ आणि −०.०५ होती. दोन्हीकडे टॉलरन्स दिसतो म्हणून ४४ च ठेवावेसे वाटते, पण मध्य ४४.०२५ आहे.

लांबीत जास्त जपावे लागते. तोंडापासून पहिली पायरी २२ (०, −०.१) होती, म्हणून २१.९५. तिथून पुढची पायरी ३० (+०.२, ०), म्हणून ३०.१. दुसऱ्या पायरीचा Z या दोन मध्यांची बेरीज आहे, ५२.०५. मी आधी घाईत नॉमिनलची बेरीज ५२ लिहिली होती. तसे केले असते तर पुढची पायरी ३०.०५ झाली असती. टॉलरन्समध्येच, पण खालच्या कडेकडे सरकलेली. साखळीने दिलेल्या मापांत आधी प्रत्येक कडी मध्यावर आणायची आणि मगच बेरीज करायची.

```
G01 X23.008 Z0 F0.1
X25.008 Z-1.0
Z-21.95
X27.989
X29.989 Z-22.95
Z-52.05
X44.025
```

चॅम्फर १ चा आहे, म्हणून त्याची सुरुवातही मधल्या डायापासून दोन वजा करून, म्हणजे २३.००८ वर. कंट्रोलला तीनच दशांश देत असल्यामुळे शेवटचा अर्धा मायक्रॉन मी बाहेरच्या डायावर खाली सोडतो, कारण इन्सर्ट झिजला की हे डाया वाढत जातात. त्या झिजेसाठी प्रोग्रॅममधला आकडा मात्र हलवायचा नाही. ते काम ऑफसेटचे. प्रोग्रॅममध्ये शुद्ध मध्य असला की ऑपरेटरला फक्त एवढेच पाहायचे असते: मापलेला आकडा वजा प्रोग्रॅमचा आकडा. २५.०१४ आला तर सहा मायक्रॉन जास्त, ऑफसेट −०.००६.

मध्य टाकल्यावर आणखी एक गोष्ट दिसू लागते. त्या शाफ्टवर नंतर २५ चा डाया ६ मायक्रॉन जास्त यायचा आणि ३० चा फक्त १, तेही प्रत्येक जॉबवर. ही चूक सगळ्या डायांवर सारखी नाही, म्हणून ऑफसेटने जाणार नव्हती. पुढचे टोक चकपासून लांब आणि बारीक. टूलच्या दाबाने ते मागे वाकत होते आणि मटेरियल कमी कापले जात होते. सेंटरचा आधार दिल्यावर दोन्ही डायांचा फरक सारखा झाला आणि मग एकाच ऑफसेटने दोन्ही जागेवर आले.

ज्या डायाला पुढे ग्राइंडिंग आहे, तिथे अंतिम टॉलरन्सचा मध्य टाकायचा नाही. प्रोसेस शीटवर ग्राइंडिंगआधीचे माप वेगळे दिलेले असते, मध्य त्याच मापाचा काढायचा.