‘होतंय की सर’ म्हणणाऱ्या माणसाची दमछाक वेळेत कशी ओळखावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या बहुतेक सहकारी आणि सौहार्द पतसंस्थांमध्ये असा एक तरी कर्मचारी असतो, ज्याच्या टेबलावर सगळ्यांची कामं येऊन थांबतात. सभासद मराठी बोलणारे, संचालक मंडळाचं इतिवृत्त मराठीत, पण खात्याकडून येणारी पत्रं, तपासणीचे शेरे आणि कर्जाच्या फाईलमधले आरटीसी उतारे कन्नडमध्ये. दोन्ही भाषा नीट वाचता-लिहिता येणारा माणूस हिशेबाला बसलेला असला, तरी हळूहळू तोच पत्रव्यवहार बघतो, तोच उतारे तपासतो, आणि पिग्मीच्या हिशेबात फरक आला की तोही तोच शोधतो. हा लेख अशा माणसाच्या मॅनेजरसाठी किंवा सेक्रेटरीसाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाशी निगडित अवस्था म्हणून, आजार म्हणून नाही. सांभाळता न आलेल्या दीर्घकाळच्या ताणातून ती येते आणि तिच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. प्रामाणिक कर्मचाऱ्याच्या बाबतीत अडचण अशी की यातलं काहीच कामात लवकर दिसत नाही. ताळेबंद वेळेवर होतो, पत्राचं उत्तर जातं, कॅश जुळते. काम बिघडतं ते सगळ्यात शेवटी. म्हणून काम होतंय का हे बघून भागत नाही. ते करायला त्या माणसाला किती मोजावं लागतंय, हे बघावं लागतं.

पायरी १: कामांची यादी करा, पण नेमणूकपत्रावरून नको

एका कागदावर त्या व्यक्तीचं मूळ काम लिहा. त्याखाली गेल्या दोन वर्षांत चिकटलेलं प्रत्येक जादा काम लिहा आणि त्यापुढे तीन गोष्टी: ते कोणी दिलं, किती दिवसांसाठी दिलं होतं, आठवड्याला किती वेळ खातं.

समजा, एका पतसंस्थेतल्या लेखापाल बाईंची यादी अशी निघाली. ऑफिस सहा दिवस, जेवणाची सुट्टी वजा जाता रोज सात तास. कन्नड पत्रव्यवहार रोज ४० मिनिटं, म्हणजे आठवड्याला ४ तास. पिग्मी एजंटांच्या हिशेबाची पडताळणी रोज अर्धा तास, म्हणजे ३ तास. कर्जाच्या आठ फाईलींचे उतारे वाचून टिपण करायचं, फाईलमागे २५ मिनिटं, म्हणजे ३ तास २० मिनिटं. शिवाय महिन्याच्या सभेचं इतिवृत्त, त्याचा आठवड्याचा वाटा तासभर. बेरीज ११ तास २० मिनिटं, म्हणजे दीड दिवसाहून जास्त काम. यातलं एकही काम मोठं नव्हतं आणि एकदम सगळं कोणी दिलं नव्हतं. कन्नड पत्रं तर ‘नवीन माणूस घेईपर्यंत’ दिली होती. तो माणूस घेतलाच गेला नाही.

मॅनेजरची पहिली चूक इथेच होते: ही यादी तो त्या कर्मचाऱ्यालाच करायला सांगतो. मग तेही एक जादा काम होतं आणि यादी अपुरी येते, कारण या बाई पिग्मीचा फरक शोधणं हे काम म्हणून मोजतच नाहीत. यादी तुम्ही करा, त्यांना फक्त दाखवा.

पायरी २: तीन आठवडे टिपून ठेवा

तुलना शेजारच्या टेबलाशी करू नका, याच माणसाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा. मुळात अबोल असलेला माणूस अबोल राहिला तर ती खूण नव्हे. रोज गप्पा मारणारी बाई डबा टेबलावरच उघडून एका हाताने व्हाउचर लावत जेवू लागली, तर ती खूण आहे.

सगळ्यात आधी होकाराकडे लक्ष द्या. पूर्वी जादा काम सांगितलं की प्रश्न यायचे: ‘कधीपर्यंत पाहिजे सर? शनिवारी चालेल का?’ कधी सूचनाही यायची, की हे असं केलं तर लवकर होईल. आता तुमचं वाक्य संपायच्या आत ‘होय सर, करते’ येतं आणि मान परत कॉम्प्युटरकडे वळते. वरवर ही तत्परता वाटते. पण प्रश्न विचारायला, अंदाज बांधायला डोक्यात थोडी मोकळी जागा लागते आणि ती संपलेली असते. संभाषण लवकर संपवण्याचा सोपा मार्ग म्हणून होकार दिला जातो. मला विचाराल तर सगळ्या खुणांमध्ये ही सर्वांत लवकर दिसणारी आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित खूण आहे.

दुसरी गोष्ट तपासण्याच्या पद्धतीतली. ढिसाळ माणूस दमला की चुका करतो. काटेकोर माणूस दमला की आधी पुन्हा पुन्हा तपासू लागतो, कारण त्याचा स्वतःवरचा विश्वास कमी झालेला असतो. जुळलेली कॅश तिसऱ्यांदा मोजली जाते, पाठवलेलं पत्र फाईलमधून काढून परत वाचलं जातं. त्यानंतर चुका येतात, त्याही कडेकडेच्या: तारीख मागच्या महिन्याची, पाकिटात जोडपत्र घालायचं राहिलं, जावक नंबर दोनदा पडला. रकमा मात्र बरोबर असतात, कारण उरलेली सगळी ताकद तिथे लावलेली असते. त्यामुळे ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडून दिलं जातं.

वेळ तर नोंदीतच सापडतो. सिस्टीममध्ये व्हाउचर किती वाजता टाकलं हे दिसतं. साडेपाचला बंद होणाऱ्या ऑफिसात सात-सव्वासातच्या नोंदी वाढल्या, किंवा ग्रुपवर रात्री अकराला ‘उद्याचं पत्र तयार आहे सर’ असे मेसेज येऊ लागले, तर ते कौतुकाने वाचू नका. आठवड्यातून किती वेळा, तेवढं लिहून ठेवा.

आणि सभासदांबद्दलची भाषा ऐका. ज्या आजीला पासबुक समजावून सांगायला या बाई काउंटरबाहेर यायच्या, तिच्याबद्दल आता ‘परत आली बघा ती’ असं तुटक बोलणं येतं. हा स्वभाव बिघडलेला नाही. व्याख्येतली दुसरी बाजू, मन उडणं, ती अशी दिसते.

पायरी ३: विश्रांतीने फरक पडतो का बघा

मार्चअखेरीला सगळेच दमतात. साधा थकवा आणि ही अवस्था यांतला फरक मार्चमध्ये कळणार नाही, एप्रिल-मेमध्ये कळेल. भार उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांत माणूस पूर्ववत झाला, तर तो हंगामाचा ताण होता. मेच्या मध्यावरही सोमवारी सकाळी चेहरा शनिवार संध्याकाळसारखाच असेल, लग्नासाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या रजेत ताप-डोकेदुखी आली असेल, किंवा रजेवरूनही फोन करून ‘ते पत्र गेलं का?’ अशी विचारणा होत असेल, तर सप्टेंबरच्या वार्षिक सभेची तयारी सुरू व्हायच्या आत हात घातला पाहिजे.

मात्र कारण ऑफिसातच आहे असं धरून चालू नका. घरात कोणी आजारी असेल, मुलाचं बारावीचं वर्ष असेल. रक्त कमी असणं, थायरॉइड, साखर यांनीही असाच थकवा येतो. म्हणून एकदा डॉक्टरांकडून साधी तपासणी करून घ्यायला सुचवावं. निदान करणं मॅनेजरचं काम नव्हे.

पायरी ४: बोला, पण ‘सगळं ठीक ना?’ विचारू नका

या प्रश्नाला ‘होतंय की सर’ हेच उत्तर येणार. शनिवारी बंद करताना किंवा कॅशियरसमोर बोलू नका. मंगळवार-बुधवारी सकाळी केबिनमध्ये बसून पहिल्या वाक्यातच भीती काढून टाका: ‘मॅडम, ही तक्रार नाही. हे फाईलला लागणार नाही आणि इन्क्रिमेंटशी याचा संबंध नाही.’ अशी माणसं काम कमी करण्याची गोष्ट निघाली की आपण कमी पडलो असंच समजतात.

मग दिसलेलं सांगा, अनुमान नको. ‘गेल्या तीन आठवड्यांत नऊ दिवस तुम्ही सातनंतर गेलात. ही कामांची यादी मी केली आहे, साडेअकरा तासांच्या आसपास जादा काम होतं.’ यानंतर विचारायचे प्रश्न दोनच: ‘रात्री झोप मोडते तेव्हा डोक्यात काय असतं?’ आणि ‘रविवारी कामाचा विचार सुटतो का?’ हो-नाही यात न संपणारं उत्तर यायला वेळ लागेल. तोवर गप्प बसा.

‘यातलं कुठलं काम कमी करू?’ असं मात्र विचारू नका. ‘असू दे सर, करते मी’ असंच ऐकू येईल. ते तुम्ही ठरवून सांगा: ‘पत्रव्यवहार आणि पिग्मीची पडताळणी सोमवारपासून तुमच्याकडे नाही.’

पायरी ५: काम काढून घ्या

चार दिवस रजा देऊन काम तसंच ठेवलं, तर परत आल्यावर चार दिवसांचा ढीग समोर असतो आणि रजेतही तोच दिसत राहतो. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देणं तर उलट परिणाम करतं, कारण त्यानंतर नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

वरच्या उदाहरणात कन्नड पत्रं कन्नड माध्यमातून शिकलेल्या एखाद्या ज्युनियरकडे द्यावीत आणि आवक रजिस्टरमध्ये प्रत्येक पत्रापुढे त्याचं नाव लिहावं. नाव नसलं की पत्र सवयीने जुन्याच टेबलावर जातं. शिकवण्यासाठी दोन आठवडे, रोज अर्धा तास, तोही ऑफिसच्या वेळेत ठेवा. पहिल्या महिन्यात पत्रांची उत्तरं उशिरा जातील आणि भाषाही थोडी कच्ची असेल. त्या वेळी ‘मॅडम, जरा बघता का?’ म्हणालात, की पंधरा दिवसांत सगळं परत त्यांच्याकडे येईल. नवीन काम सांगायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. संचालकांनीही थेट टेबलापाशी जाऊन सांगू नये, हे चेअरमनच्या तोंडून गेलेलं बरं.

सहा आठवड्यांनी तेच पुन्हा मोजा: सातनंतरच्या नोंदी, रात्रीचे मेसेज, सोमवारची सकाळ. भार खरोखर उतरूनही फरक नसेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडली आहे असं दिसत असेल, तर हा प्रश्न ऑफिसचा राहिला नाही. तो नैराश्याचाही असू शकतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो. प्रत्यक्ष दाखवायचं तर जवळचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलणं कानावर आलं, तर सहा आठवडे काय, एका दिवसाचीही वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि घरच्यांना लगेच कळवा.

सुधारणा होत असेल तर तीही होकारातच आधी दिसते. परत प्रश्न येऊ लागतात. मग एखाद्या दिवशी ‘सर, हे या आठवड्यात जमणार नाही’ असं ऐकू येतं. त्या वेळी कारण विचारू नका, चेहरा पाडू नका. ‘बरं’ म्हणून ते काम तिथल्या तिथे दुसऱ्याकडे द्या.