मराठी राजीनाम्याचं इंग्रजी भाषांतर : परदेशी निघालेल्या इंजिनिअरनं या चुका टाळा

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या लहान कारखान्यांत राजीनामा बऱ्याचदा मराठीतच दिला जातो. मालक मराठी, ऑफिसचा कारभार मराठी, आणि अर्जाचा साचा शाळेपासून सवयीचा. त्या पत्राला कारखान्यात काही अडत नाही. अडतं ते पुढे, जेव्हा परदेशातली कंपनी किंवा व्हिसाची फाईल त्याची इंग्रजी प्रत मागते. त्यातला जवळजवळ प्रत्येक घोळ मराठी पत्रातच सुरू झालेला असतो आणि भाषांतरात तो फक्त उघडा पडतो, असं माझं ठाम मत आहे.

एक पत्र उदाहरणादाखल घेऊ. अंबडच्या मशीन शॉपमधला क्वालिटी इंजिनिअर, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा, पत्राची तारीख ०५/०८. मजकूर असा :

"विषय : राजीनामा मंजूर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करतो की, मी आपल्या कंपनीत क्वालिटी विभागाचे काम पाहतो. मला परदेशात नोकरीची संधी मिळाली आहे. तरी पुढील महिन्याअखेर मला कामावरून मुक्त करावे, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक."

विनंती की सूचना?

मराठी वाचणाऱ्याला कळतं की माणूस नोकरी सोडतोय आणि नम्रपणे सांगतोय. पण इंग्रजीत 'आय रिक्वेस्ट यू टु काइंडली ॲक्सेप्ट माय रेझिग्नेशन' एवढंच उरलं, की परदेशातला एचआर विचारतो, "मग तो मंजूर झाला का? नसेल झाला तर तुम्ही अजून तिथेच आहात का?" त्याचा प्रश्न रास्त आहे, कारण या पत्रात 'मी राजीनामा देत आहे' असं वाक्यच नाही.

पत्र अजून दिलं नसेल, तर उपाय सोपा. पहिलंच वाक्य असं लिहा : "मी या पत्राद्वारे क्वालिटी इंजिनिअर या पदाचा राजीनामा देत आहे." विनंती त्यानंतर करा, आणि ती रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचा दाखला वेळेवर मिळण्याची करा. 'व्हिसा मिळाल्यास सोडेन' अशी अट मात्र घालू नका. अट आली की सोडण्याची तारीख उरत नाही, आणि पत्र नुसती कल्पना दिल्यासारखं वाचलं जातं.

पत्र देऊन झालं असेल, तर भाषांतरात विनंती ही विनंतीच राहू द्यायची. इथे मोह होतो तो मूळ पत्र इंग्रजीत 'सुधारण्याचा'. मूळ पत्र आणि भाषांतर फाईलमध्ये शेजारी शेजारी लागतात. मराठी जाणणाऱ्यानं ताडून पाहिलं आणि मुळात नसलेलं ठाम वाक्य इंग्रजीत सापडलं, तर संशय त्या एका वाक्यावर थांबत नाही, सगळ्या कागदांवर जातो. उणीव भरायची ती दुसऱ्या कागदानं, म्हणजे कंपनीकडून राजीनामा स्वीकारल्याचं पत्र घेऊन.

शेवटचा दिवस नेमका कोणता?

या पत्रातली खरी गोम इथे आहे. 'पुढील महिन्याअखेर' म्हणजे ३० सप्टेंबर. दोन महिन्यांची नोटीस मात्र ५ ऑगस्टपासून मोजली तर ४ किंवा ५ ऑक्टोबरपर्यंत जाते. पत्र दिलेला दिवस धरायचा की नाही, त्यावर ते ठरतं. म्हणजे पत्रातली मागणी नोटिशीपेक्षा चार-पाच दिवस आधीची आहे. कारखान्यात त्यावर कोणी बोलत नाही, पण हिशेब करताना तेवढ्या दिवसांचा पगार कापला जाऊ शकतो, आणि रिलीव्हिंग लेटरवर वेगळीच तारीख येऊ शकते.

त्यात ०५/०८ ही तारीख. आपण ती ५ ऑगस्ट वाचतो, अमेरिकन पद्धतीत ती ८ मे होते. मग 'पुढील महिन्याअखेर' थेट ३० जूनवर जाऊन बसतं. म्हणून मूळ पत्रात आणि भाषांतरातही महिना अक्षरांत लिहावा आणि शेवटचा दिवस पूर्ण तारखेनं सांगावा. मुळात तारीख नसेल, तर भाषांतरकारानं स्वतः हिशेब करून ती मजकुरात घुसवू नये. पुढच्या महिन्याची अखेर एवढंच लिहावं, आणि खुलासा लागलाच तर तो भाषांतरकाराची टीप म्हणून वेगळा द्यावा.

नाव आणि पद

आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच, एका अक्षराचाही फरक नको. आपल्याकडे देवरे हे Deore असंही लिहितात आणि Devre असंही. वाघ हे Wagh आणि Vagh. भाषांतरकार उच्चारावरून लिहितो, त्यामुळे पासपोर्टची प्रत त्याच्या हातात आधीच द्या.

पदाचंही तसंच. 'क्वालिटी विभागाचे काम पाहतो' याचं 'क्वालिटी मॅनेजर' करणारे भेटतात. नेमणूक पत्र आणि अनुभवाचा दाखला 'क्वालिटी इंजिनिअर' म्हणत असतील, तर ही बढती तुमच्या अंगाशी येते. मुळात पदनाम नसेल तर भाषांतरातही ते असू नये.

समासातला शेरा

सर्वांत जास्त सुटतं ते हेच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचंही हेच. पत्राच्या कोपऱ्यात साहेबांनी निळ्या पेनानं लिहिलेलं असतं : "मंजूर. कस्टमर ऑडिट झाल्यावर सोडावे." खाली सही, शिक्का, आवक क्रमांक. भाषांतर करणारा टाईप केलेला मजकूर घेतो आणि हे सोडून देतो. पण राजीनामा मंजूर झाल्याचा पुरावा त्या एका शब्दात आहे, आणि शेवटच्या दिवसाचा घोळही त्याच ओळीत आहे. ऑडिट लांबलं तर सुटका कधी? नवी कंपनी १ नोव्हेंबरला रुजू व्हायला सांगत असेल, तर हा प्रश्न जीवाचा होतो.

तेव्हा शेऱ्याचं पूर्ण भाषांतर करून घ्या, आणि तो हातानं लिहिलेला आहे हेही नोंदवा. सही, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख जिथे आहेत, तिथे तशी नोंद चौकटी कंसात यायला हवी. साहेबांकडे पुन्हा जाऊन शेऱ्याखाली तारीख लिहून मागायला संकोच करू नका. "साहेब, व्हिसाच्या फाईलला नेमकी तारीख लागते, तेवढी लिहून द्या," एवढं म्हटलं की बहुतेक साहेब देतात. ती तारीख त्यांच्याच हातची, नव्या सहीसह हवी.

'आज्ञाधारक' शब्दाची काळजी करू नका. इंग्रजी पत्राचा नेहमीचा समारोप तिथे चालतो.

भाषांतर कोणी करायचं?

नव्या कंपनीला नुसतं कळण्यासाठी हवं असेल, तर तुम्ही स्वतः केलेलं चालू शकतं. आधी विचारून घ्या. व्हिसाच्या फाईलसाठी देशागणिक नियम वेगळे आहेत. ब्रिटनला भाषांतरावर ते अचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. कॅनडा अर्जदारानं किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर स्वीकारत नाही, आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र मागतं. कोर्टाजवळ नोटरीचा शिक्का मारून घेतला की काम झालं, असं समजू नका. प्रतिज्ञापत्रावर नोटरी साक्ष देतो ती सही त्याच्यासमोर झाल्याची. मराठी आणि इंग्रजी मजकूर जुळतो की नाही, हे तो तपासत नाही. ते तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचून पाहायचं, भाषांतरकाराची सही होण्याआधी.